अडवलेले पैसे आणि गेलेले पैसे

नागपुरातल्या एका हॉटेलात मी बरीच वर्षं होते. सुरुवातीला फ्रंट डेस्कवर, पुढे हिशेबाच्या टेबलावर. दिवसभराच्या कार्डाच्या स्लिपा मशीनच्या बॅचशी जुळवायच्या, जुळल्या नाहीत तर कारण शोधायचं, हे माझं रात्रीचं काम. आता आर्णीला राहते. नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं गाव, त्यामुळे मुलांच्या ॲडमिशनसाठी, दवाखान्यासाठी, लग्नकार्यासाठी लोकांचं बाहेर जाणं-येणं सतत चालू असतं. परत आल्यावर कुणीतरी मोबाइल पुढे करतं आणि विचारतं, "ताई, हॉटेलवाल्यानं दोनदा पैसे कापले काय हो?" पाहिलं तर बहुतेक वेळा एक रक्कम कापलेली असते आणि दुसरी नुसती अडवलेली. पण ज्याच्या खात्यातला आकडा कमी झालाय त्याला हा फरक दिसत नाही, आणि बँकेच्या मेसेजमध्ये तो लिहिलेला नसतो. टेबलाच्या पलीकडून जे कळलं ते लिहून ठेवते.

१. रक्कम ठरायच्या आधी कार्ड मागितलं, तर तो होल्ड असण्याची शक्यता जास्त

दुकानात आपण साडी घेतो, किंमत ठरलेली असते, कार्ड लावतो, पैसे जातात. हॉटेलात तसं नसतं. पाहुणा खोली घेतो तेव्हा तो किती दिवस राहील, जेवण खोलीत मागवेल का, कपडे धुवायला टाकेल का, हे कुणालाच माहीत नसतं. बिल शेवटी होणार, आणि ते न देता पाहुणा निघून गेला तर हॉटेलचं नुकसान. म्हणून हॉटेल आधीच बँकेला विचारून ठेवतं: या कार्डावर इतके रुपये आहेत का, आणि असतील तर माझ्यासाठी राखून ठेवता का? बँक हो म्हणते आणि एक सहा अंकी किंवा अक्षरांचा मंजुरी कोड देते. यालाच प्री-ऑथरायझेशन म्हणतात, आणि अशा अडवलेल्या रकमेला होल्ड. डेस्कवर सगळे नुसतं प्री-ऑथ म्हणतात.

या क्षणी हॉटेलच्या खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. बैलबाजारात इसार दिला की नोट विकणाऱ्याच्या खिशात जाते. इथे नोट तुमच्याच खिशात राहते, फक्त तुम्हाला ती खर्च करता येत नाही. शेअर बाजारात आयपीओला अर्ज करणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची असेल. अर्जाची रक्कम बँक खात्यातच अडवून ठेवते, शेअर मिळाले तर कापते, नाही मिळाले तर मोकळी करते.

खरी वसुली ही वेगळी पायरी आहे. बिल झाल्यावर हॉटेल मशीनवर तोच मंजुरी कोड टाकतं, शेवटची रक्कम टाकतं आणि प्री-ऑथ पूर्ण करतं. मग दिवसाच्या शेवटी बॅच सेटल होते, मशीनमधले सगळे व्यवहार हॉटेलच्या बँकेकडे जातात, तिथून व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेमार्फत तुमच्या बँकेकडे, आणि तेव्हा कुठे पैसे हलतात. ही दुसरी पायरी कार्ड हातात नसतानाही करता येते, पिनही लागत नाही, कारण मंजुरी आधीच घेतलेली असते. सकाळी सहाला गाडी पकडायला निघून गेलेल्या पाहुण्याचं बिल आम्ही दहा वाजता पूर्ण करायचो, यात वावगं काहीच नाही.

२. मेसेजवर जाऊ नका, स्लिप वाचा

बँकेचा मेसेज मंजुरीच्या क्षणी निघतो. पैसे पुढे खरोखर जातील की नाही, हे त्या क्षणी बँकेलाही माहीत नसतं. त्यामुळे बहुतेक बँकांचा मेसेज दोन्ही वेळी जवळजवळ सारखाच असतो, अमुक हॉटेलात इतके रुपये खर्च झाले, असा. माझ्या मते गोंधळाचं मूळ इथेच आहे. बँकांनी हा मेसेज वेगळा करायला हवा, आणि ते अवघड नाही, कारण मंजुरी मागताना मशीन हा व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे ते सांगत असतं.

तोवर भरवसा स्लिपचा. तिच्यावर वरच्या भागात व्यवहाराचा प्रकार छापलेला असतो. PRE-AUTH असेल तर तो होल्ड. SALE असेल तर विक्री, म्हणजे पैसे जाणार. दोन्हींखाली मंजुरी कोड असतो, म्हणून घाईत दोन्ही सारख्याच दिसतात. डेस्कवर नवीन लागलेल्या मुलांच्या हातून चेक-इनलाच PRE-AUTH ऐवजी SALE दाबलं जाताना मी पाहिलं आहे. मग पाहुण्याला वाटतं डिपॉझिट अडवलं आहे, आणि हॉटेलला मात्र ते पैसे मिळून गेलेले असतात. स्लिप हातात घेताच तो एक शब्द वाचला, तर ही चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. बॅच सेटल व्हायच्या आत विक्री रद्द करता येते आणि पैसे हॉटेलपर्यंत जातच नाहीत.

क्रेडिट कार्डाच्या ॲपमध्येही खूण सापडते. होल्ड असेल तर 'उपलब्ध मर्यादा' कमी झालेली दिसते, पण थकबाकी तेवढीच राहते, आणि रक्कम पेंडिंग किंवा तत्सम शीर्षकाखाली असते. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये ती येत नाही, तिच्यावर व्याज लागत नाही. स्टेटमेंटमध्ये तारखेसह रक्कम उतरली की समजायचं, पैसे गेले.

३. डेबिट कार्डावरचा होल्ड महिन्याच्या हप्त्याला अडवतो

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण नुकसान झालेलं मी इथेच पाहिलं आहे.

क्रेडिट कार्डावर होल्ड लागला तर बँकेनं दिलेली मर्यादा अडकते. डेबिट कार्डावर लागला तर तुमचे स्वतःचे पैसे अडकतात. सगळ्या बँका हे एकाच पद्धतीनं करत नाहीत. काही डेबिट कार्डांवर प्री-ऑथ होतच नाही, मशीन नाकारतं. काही बँका रक्कम खात्यातच बाजूला ठेवतात. काही ठिकाणी ती सरळ वजा झालेली दिसते आणि नंतर परत जमा होते. मधला प्रकार सगळ्यात फसवा, कारण खात्यात दोन शिल्लका तयार होतात. एक खात्यावरची शिल्लक आणि दुसरी वापरता येणारी शिल्लक. पासबुकात पहिली छापली जाते, आणि चेक, हप्ता, यूपीआय हे सगळं दुसरीवर चालतं.

आमच्या गल्लीतले एक शिक्षक मुलीच्या ॲडमिशनसाठी बाहेरगावी दोन रात्री हॉटेलात राहिले. खोली ३,००० रुपये रोज. दोन रात्रींचे ६,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी ३००, म्हणजे ६,३००. डेस्कवरच्या मुलानं जेवण वगैरे धरून गोल आकडा केला आणि डेबिट कार्डावर ९,००० चं प्री-ऑथ घेतलं. सरांच्या खात्यात तेव्हा २१,४०० होते. खात्यावरची शिल्लक २१,४०० च राहिली, वापरता येणारी १२,४०० झाली.

निघताना बिल झालं. खोलीचे ६,३००, जेवणाचे १,२०० आणि त्यावरचा कर ६०, एकूण ७,५६०. आता डेस्कवर दोन रस्ते होते. पहिला, त्याच ९,००० च्या प्री-ऑथमधून ७,५६० पूर्ण करायचे; मग हॉटेलला ७,५६० मिळतात आणि उरलेले १,४४० सुटतात. दुसरा, सरांनी पैसे दुसऱ्या मार्गानं दिले तर प्री-ऑथ त्याच वेळी मशीनवर रद्द करायचं. झालं तिसरंच. सरांनी समोरचा क्यूआर कोड स्कॅन करून ७,५६० भरले, डेस्कनं पावती दिली, आणि प्री-ऑथ तसंच राहिलं. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी फसवलं नाही. फक्त एक बटण दाबायचं राहिलं.

यूपीआयनं ७,५६० गेल्यावर खात्यावरची शिल्लक १३,८४० झाली. वापरता येणारी राहिली ४,८४०. सर आर्णीला आले, पासबुक भरून घेतलं, १३,८४० पाहिले आणि निश्चिंत झाले. पाच तारखेला गाडीच्या कर्जाचा ६,२०० चा हप्ता खात्यावर आला आणि पैसे नाहीत म्हणून परत गेला. सर स्लिप घेऊन माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त होता: "खात्यात तेरा हजार तं दिसते, मंग हप्ता काऊन परत गेला?"

हप्ता परत गेला की बँक दंड लावते, कर्ज देणारी कंपनी वेगळा लावते, आणि उशिराची नोंद कर्जाच्या इतिहासात राहू शकते. होल्ड नंतर सुटला तरी हे परत येत नाही. म्हणून माझं सांगणं असं की ज्या खात्यातून हप्ते जातात, त्या खात्याचं डेबिट कार्ड हॉटेलच्या डेस्कवर देऊच नये. क्रेडिट कार्ड असेल तर ते द्यावं. नसेल तर डिपॉझिट रोख किंवा यूपीआयनं द्यावं आणि त्याची पावती घ्यावी. ते पैसे हॉटेलकडे खरोखर जातात आणि परत मागावे लागतात, हे खरं. पण किती गेले आणि किती परत यायचे, हे निदान दोघांनाही स्पष्ट दिसतं.

आणि ज्या कार्डावर प्री-ऑथ दिलं त्याच कार्डावर बिल भरावं. दुसऱ्या मार्गानं भरायचंच असेल तर डेस्क सोडण्याआधी मागावं, "आधीचं प्री-ऑथ रद्द करून त्याची स्लिप द्या." ती स्लिप निघायला मिनिट लागत नाही. सरांच्या हातात ती असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

४. परतावा मागू नका, होल्ड सोडायला सांगा

सरांनी आधी हॉटेलला फोन केला. हॉटेल म्हणालं, आमच्याकडे तुमचे फक्त ७,५६० आले, परत काय करू? मग बँकेत गेले. बँक म्हणाली, हॉटेलनं अडवलेत, हॉटेललाच विचारा. दोघंही खरं बोलत होते, आणि त्यामुळेच माणूस मधे अडकतो.

हॉटेलनं REFUND दाबलं तर काय होईल ते पाहा. परतावा हा नवा व्यवहार असतो. त्यात हॉटेलच्या खात्यातून पैसे निघतात आणि पाहुण्याकडे जातात. जे पैसे हॉटेलला मिळालेच नाहीत ते हॉटेल स्वतःच्या गल्ल्यातून कशाला देईल? हिशेब विभागाकडे 'माझे ९,००० परत करा' असा निरोप आला की ते जमा रकमांत नऊ हजार शोधतात, सापडत नाहीत, आणि फाइल बंद होते. मी त्या टेबलावर असताना हेच होत असे. तेच कुणी 'अमुक तारखेचं प्री-ऑथ सोडा, मंजुरी कोड हा' असं लिहिलं की काम लगेच हातात घेता येत असे, कारण प्री-ऑथची यादी वेगळी असते आणि तिथे कोडवरून नोंद सापडते.

प्री-ऑथ ताजं असेल तर मशीनवरूनच रद्द होतं. जुनं झालं असेल किंवा मशीनमधून निघून गेलं असेल तर हॉटेलनं लेटरहेडवर पत्र द्यायचं. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, तारीख, रक्कम, मंजुरी कोड, मशीनचा टर्मिनल क्रमांक, आणि 'या मंजुरीवर आम्ही कोणतीही रक्कम वसूल करणार नाही' हे एक वाक्य. पूर्ण कार्ड नंबर पत्रात किंवा व्हॉट्सॲपवर कधीच द्यायचा नाही, त्याची गरज नसते. हे पत्र हॉटेल आपल्या मशीनच्या बँकेला पाठवतं आणि त्याची प्रत तुम्ही आपल्या बँकेला देता. सरांचं काम या पत्रानंच झालं. बँकेनं होल्ड काढला आणि खात्यावरची शिल्लक व वापरता येणारी शिल्लक पुन्हा एक झाली. हप्त्याचा दंड मात्र गेला तो गेलाच.

कुणी काहीच केलं नाही तरी होल्ड मुदत संपली की आपोआप पडतो. हॉटेलच्या प्री-ऑथला कार्ड नेटवर्कांचे नियम साधारण ३० दिवसांपर्यंत जागा देतात, आणि बँका आपापल्या सिस्टीमप्रमाणे त्याआधीही सोडतात. क्रेडिट कार्डाची मर्यादा मोठी असेल तर वाट पाहायला हरकत नाही. डेबिट कार्डावर महिनाभर थांबणं परवडत नाही.

५. होल्ड गायब झाला म्हणून बिल माफ झालं असं धरू नका

याची उलटी बाजूही आहे. बँकेनं होल्ड आठवड्यात सोडला, खात्यात पैसे मोकळे दिसले, माणसानं ते खर्चून टाकले. हॉटेलनं व्यवहार त्यानंतर पूर्ण केला आणि रक्कम पुन्हा कापली गेली. लोक याला 'दुसऱ्यांदा कापले' म्हणतात. खरं तर पहिल्यांदा ते गेलेच नव्हते. हॉटेलनं उशीर करायला नको होता हे मान्य, पण राहिलेल्या दिवसांचे पैसे द्यायचेच होते.

म्हणून मोजायचं ते वसुलीचं. एका मुक्कामाच्या दोन वसुल्या स्टेटमेंटमध्ये उतरल्या, तर ती खरी दुबार वसुली. तशा प्रत्येक वसुलीला हॉटेलच्या बँकेकडून २३ अंकी संदर्भ क्रमांक लागतो, त्याला एआरएन म्हणतात. आपल्या बँकेला दोन्ही नोंदींचे एआरएन विचारा. दोन वेगळे क्रमांक मिळाले तर पैसे दोनदा गेले, आणि मग लेखी तक्रार करून वाद दाखल करायचा. एकच मिळाला आणि दुसऱ्या नोंदीला क्रमांकच नसेल, तर ती अजून अडवलेली रक्कम आहे.

६. आपल्याकडच्या पंपावर होल्ड नसतो, तिथला घोळ वेगळा

आर्णीच्या पंपावरही हाच प्रश्न येतो, पण उत्तर वेगळं आहे. आपल्याकडे पंपावर माणूस असतो. तो आधी तेल भरतो, मीटरवर आकडा येतो, मग कार्ड मागतो. रक्कम ठरलेली असल्यामुळे अडवून ठेवायचं कारणच उरत नाही, आणि मशीनवर सरळ विक्रीचा व्यवहार होतो.

इथे होतं ते नेटवर्कमुळे. कार्ड लावलं, पिन टाकला, बँकेनं पैसे कापले आणि मेसेजही आला, पण उत्तर मशीनपर्यंत पोचण्याआधी संपर्क तुटला. स्लिप निघाली नाही. पोरगा म्हणतो झालं नाही, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा लागतं, आणि मोबाइलवर दोन हजारांचे दोन मेसेज. हा फसलेला व्यवहार आहे, होल्ड नव्हे, आणि याला रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानातल्या मशीनवर खात्यातून पैसे गेले आणि पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं स्वतःहून द्यायची. हॉटेलच्या प्री-ऑथला मात्र हा नियम लागत नाही, कारण तो व्यवहार फसलेला नसतो, तुमच्या संमतीनं नीट पार पडलेला असतो. सरांना बँकेत कुणीतरी याच नियमाचा हवाला देऊन पाच दिवस थांबायला सांगितलं होतं, आणि ते दिवस वाया गेले.

पंपावर दुसऱ्यांदा कार्ड लावण्याआधी पोराला मशीनमधली शेवटची पावती पुन्हा छापायला सांगा. तीत तुमचा व्यवहार असेल तर पैसे पंपाला पोचले, पुन्हा द्यायची गरज नाही. नसेल तर दुसऱ्यांदा द्या, पण मशीन जे छापेल ते जपून ठेवा. त्यावरचा १२ अंकी आरआरएन क्रमांक तक्रारीत लागतो. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

पंपावर क्रेडिट कार्ड वापरणाऱ्यांना आणखी एक आकडा चकवतो. बऱ्याच कार्डांवर इंधनाच्या रकमेवर सुमारे १ टक्का अधिभार लागतो आणि ठरावीक मर्यादेत तो नंतर माफ होतो. २,००० च्या डिझेलवर २० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३ रुपये ६० पैसे. २० परत येतात, कराचे ३.६० सहसा येत नाहीत. ही खरी वसुली आहे. ती मोकळी होण्याची वाट पाहू नका.

७. परदेशातला पंप हा हॉटेलसारखा वागतो

यवतमाळ जिल्ह्यातली मुलं आता अमेरिकेत आहेत आणि आई-वडील त्यांच्याकडे जातात. तिथल्या बहुतेक पंपांवर माणूस नसतो. कार्ड आधी लावायचं, नळी नंतर उचलायची. म्हणजे रक्कम ठरायच्या आधी कार्ड, आणि म्हणून होल्ड. काही पंप कार्ड चालू आहे की नाही एवढंच तपासायला १ डॉलरची मंजुरी घेतात. काही पंप टाकी पूर्ण भरेल असं धरून मोठी रक्कम अडवतात. व्हिसा आणि मास्टरकार्डनं ही कमाल मर्यादा २०२२ मध्ये १२५ वरून १७५ डॉलरवर नेली, कारण तेव्हा तेल महाग झालं होतं.

भारतातून नेलेल्या फॉरेक्स कार्डात १५० डॉलर आहेत आणि पंप १७५ अडवू पाहतोय, तर तेल तीस डॉलरचं हवं असलं तरी कार्ड नाकारलं जातं. कार्डात ३०० असतील तर ते चालतं, ३८ डॉलरचं तेल येतं, आणि खरी रक्कम पोचून होल्ड पडेपर्यंत १७५ अडलेले राहतात. कधी हे काही तासांत निस्तरतं, कधी दोन-तीन दिवस जातात. तेवढ्यात पुढच्या गावी हॉटेलनंही आपलं प्री-ऑथ घेतलं तर कार्ड रिकामं झाल्यासारखं वागतं. शिवाय तिथले बरेच पंप कार्डमालकाचा पाच अंकी झिप कोड मागतात. आपला पिनकोड सहा अंकी, तो तिथे बसत नाही आणि बऱ्याचदा आपलं कार्ड तिथेच अडतं.

दोन्हींवर उपाय एकच. गाडी लावून आतल्या काउंटरवर जायचं, पंपाचा नंबर सांगायचा आणि म्हणायचं, या पंपावर तीस डॉलर. रक्कम ठरली, की होल्डचं कारण गेलं. तीसपेक्षा कमी तेल बसलं तर उरलेले त्याच काउंटरवर मागून घ्यायचे.

भारतीय क्रेडिट कार्ड तिकडे वापरलं तर होल्डच्या दिवशी एका दरानं रुपये दिसतात आणि वसुली दुसऱ्या दिवसाच्या दरानं, बँकेच्या परकीय चलन शुल्कासह उतरते. एकाच तेलाचे रुपयांत दोन आकडे असे तयार होतात. गेल्या उन्हाळ्यात मुलाकडून परतलेल्या एका काकांनी ते दोन आकडे मला दोन वेगळे खर्च म्हणून दाखवले. स्टेटमेंट आलं तेव्हा त्यात एकच होता, नंतरचा.